जमीन देणाऱ्याचे आभार कसे मानावेत?

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात एक मोठा ब्राह्मी शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरवून घेतला. त्यात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. गायी, सोने आणि गावे तर आहेतच, पण वाटसरूंच्या दृष्टीने महत्त्वाची दाने पुढे येतात. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारा, या चार ठिकाणी त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर निवारे व पाणपोया केल्या. आपल्या प्रदेशातल्या धर्मशाळांचा इतका जुना आणि इतका स्पष्ट लेखी पुरावा क्वचितच सापडतो.

या लेखातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्याच्या शेवटाकडे आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून उषवदाताने एक शेत दिले. ते सांगताना नुसते ‘शेत दिले’ असे म्हणून तो थांबत नाही. ते वाराहीचा मुलगा अश्विभूती या ब्राह्मणाकडून विकत घेतले, चार हजार कार्षापणांना घेतले, ते त्याच्या वडिलांच्या मालकीचे होते, नगराच्या सीमेवर वायव्य दिशेला आहे आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना अन्न मिळेल, असे सगळे तिथे नोंदले आहे. जमीन कोणाची, ती कशी मिळाली, कुठे आहे आणि कशासाठी आहे, हे चारही प्रश्न दगडावर सुटले आहेत.

आज पालखीमार्गावरच्या एखाद्या गावात धर्मशाळेचे भूमिपूजन होते, तेव्हा मंडपात जे भाषण होते ते नेमक्या याच जातीचे असायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जमीन देणाऱ्याच्या वाट्याला ‘दानशूर’ आणि ‘मोठ्या मनाचे’ अशी दोन विशेषणे, शाल, श्रीफळ आणि हार येतो. त्याने किती जमीन दिली, कोणत्या अटीवर दिली आणि तिथे काय होणार, काय होणार नाही, हे कोणी बोलत नाही. वीस वर्षांनी जमीन देणारा नसतो, संस्थेचे पहिले विश्वस्त नसतात आणि मग वास्तूचा हेतू ज्याच्या हाती किल्ली तो ठरवतो.

आभार आणि हेतू या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे भाषण करणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे. जमीन त्या हेतूसाठीच दिली गेली आहे. हेतू नेमका सांगितला की आभार आपोआप नेमके होतात.

एक उदाहरण घेऊन हे सविस्तर पाहू. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणहून बरडमार्गे नातेपुत्याकडे जाते. त्या टप्प्यातले एक गाव डोळ्यांपुढे आणा. गावातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याने, ज्यांना सगळे आबा म्हणतात, रस्त्याकडेची बारा गुंठे जमीन वारकऱ्यांच्या धर्मशाळेसाठी दिली आहे. गावच्या भजनी मंडळाने सार्वजनिक न्यास नोंदवला आहे. कुदळ मारायची तिथी ठरली आहे आणि न्यासाच्या चिटणिसांना भाषण करायचे आहे.

भाषण लिहिण्याआधी चिटणिसांनी कागद पाहायचे. मंडपात ‘जमीन दिली’ असे जाहीर केल्याने जमीन दिली जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा आहे. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृत लागते, त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते, असे तो सांगतो. आबांनी शब्द दिला, गावाने टाळ्या वाजवल्या आणि बक्षीसपत्र ‘नंतर सवडीने’ करायचे ठरले, तर मधल्या काळात आबा गेल्यावर ती जमीन वारसांच्या नावावर लागते. मग अर्धा बांधलेला पाया आणि न्यायालयाच्या तारखा एवढेच उरते. संस्था शेतकरी नसल्याने शेतजमीन तिच्या नावे होण्याआधी महसूल खात्याची परवानगी, पुढे बांधकामासाठी अकृषिक वापराचा प्रश्न, जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर आणखी वेगळी परवानगी, हीही कामे असतात. त्यांची चर्चा भाषणात करायची नाही, पण ती झाली आहेत की नाही यावर भाषणातले क्रियापद ठरते. कागद झाला असेल तर ‘दिली आहे’ म्हणावे. झाला नसेल तर ‘देण्याचे ठरवले आहे’ असेच म्हणावे, आणि खरे तर कुदळ मारण्याची घाईही करू नये.

दुसरा कागद सातबाऱ्याचा. जमीन आबांनी स्वतः घेतलेली की वडिलोपार्जित, हे त्यावरच्या फेरफारांतून कळते. वडिलोपार्जित असेल तर ती एकट्या आबांची नसते. २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडिलांच्या पश्चात वारसाने आलेल्या वाट्यात बहिणीही असतात. आपल्या उदाहरणात आबांचे एक धाकटे भाऊ आहेत आणि दोन बहिणी, एक माळशिरसकडे दिलेली, दुसरी पुण्यात. बक्षीसपत्रावर चौघांच्याही सह्या आहेत. अशा वेळी मंडपात आभार फक्त आबांचे मानले गेले तर ते अपुरे ठरतात. पालखीमार्गाला लागून असलेल्या जमिनीचा भाव काय आहे हे त्या दोघी बहिणींनाही ठाऊक आहे. त्यांनी आपला वाटा सोडला तो भावाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या सहीने. त्यांचे नाव माइकवरून घेतले गेले पाहिजे, त्यांना पुढे बसवले पाहिजे. गावोगावच्या कोनशिलांवर भावांचीच नावे कोरलेली असतात. हा अन्याय इतका रुळला आहे की तो कुणाला दिसतही नाही.

तिसरी गोष्ट चतुःसीमेची. जुन्या दानपत्रांत ती असेच, आजही असते. आबांची बारा गुंठे जमीन उत्तरेला पालखीमार्गाला लागते, पूर्वेला ओढा आहे, पश्चिमेला पाणंद आणि दक्षिणेला आबांचीच उरलेली जमीन. म्हणजे रस्त्याकडेचा तुकडा दिल्यावर मागच्या शेतात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जायला पाणंद हीच वाट उरते. उद्या धर्मशाळेने पाणंदीच्या कडेला कुंपण पुढे सरकवले, आषाढात तिथे ट्रक उभे राहिले, तर ज्याने जमीन दिली त्याच्याच शेताची वाट अडेल. असे वाद होतात आणि त्यांची सुरुवात नेहमी छोटी असते. म्हणून ‘पाणंद कायम मोकळी राहील’ हे वाक्य भाषणात हवे. आभाराच्या दहा अलंकारिक वाक्यांपेक्षा आबांना त्याने जास्त बरे वाटेल.

आता हेतू. लाखो माणसांच्या वारीला पन्नास जणांची धर्मशाळा कशी पुरणार, असा प्रश्न मंडपात कोणी तरी मनात विचारत असतोच. त्याला उत्तर द्यायला हवे. आषाढात जाताना मोठ्या दिंड्यांकडे स्वतःचे तंबू, ट्रक, पाण्याचे टँकर असतात. त्यांना छपरापेक्षा मोकळी, कोरडी, सपाट जागा हवी असते. बारा गुंठे म्हणजे १३,०६८ चौरस फूट. त्यातले बांधकाम सव्वादोन हजार चौरस फुटांच्या आत ठेवले तर उरलेल्या अंगणात राहुट्या पडू शकतात. छपराची खरी गरज लागते ती परतीच्या वारीत. आषाढी एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो आणि पालखी माघारी फिरते. तेव्हा माणसे फारच थोडी उरलेली असतात, कारण बहुतेक वारकरी एसटीने किंवा रेल्वेने घरी जातात. जे चालत परततात त्यांचे टप्पे मोठे असतात, पाऊस असतो आणि जातानाचे अन्नदान, दवाखाने, टँकर यांतले फार थोडे शिल्लक असते. शिवाय वाऱ्या चार आहेत. कार्तिकी, माघी आणि चैत्री यांनाही छोट्या दिंड्या पायी जातात. त्यांच्यासाठी रस्ता सजत नाही. ही धर्मशाळा त्या माणसांसाठी आहे, असे सांगितले की पन्नासचा आकडा लहान वाटत नाही.

पन्नास हा आकडाही मंडपात उलगडून सांगावा, कारण लोकांना हिशेब आवडतो आणि देणगीदारांना तर तो हवाच असतो. अंथरुणाला सहा फूट लांब, अडीच फूट रुंद जागा लागते. जाण्यायेण्याची वाट आणि पिशव्या धरून माणशी वीस चौरस फूट पडतात. चाळीस बाय पंचवीसच्या दालनात पन्नास जण नीट झोपतात. पण खरी अडचण झोपण्याची नसते, पहाटेची असते. दिंडी तीनला उठते आणि पाचला रस्त्याला लागते. पन्नास माणसांना दहा-दहा मिनिटे धरली तर पाचशे मिनिटे लागतात. न्हाणीघरे दोन असतील तर चार तासांतही आवरणार नाही. सहा असतील तर दीड तासाच्या आत सगळे तयार होतात. म्हणून सहा न्हाणीघरे आणि तितकीच शौचालये, त्यांतली निम्मी स्त्रियांसाठी, स्वतंत्र दाराची, आतून कडीची आणि दिवा असलेली. पाणी माणशी चाळीस लिटर धरले तर एका मुक्कामाला दोन हजार लिटर लागते. पाच हजारांची टाकी असेल तर वीज गेली तरी दोन रात्री निभतात. मोठे दालन बांधायचे आणि न्हाणीघरे पैसे उरले तर, असे करणाऱ्या धर्मशाळा बऱ्याच आहेत. तिथे पहाटे बायकांना अंधारात ओढ्याकडे जावे लागते.

कोणासाठी, या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पंढरपुरात गाडगे महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली ती ज्यांना इतर धर्मशाळांत शिरू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी. १९४९मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली गेली. पायरीवर कोणाला अडवले जाणार नाही, हे भाषणात एका वाक्यात स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘सर्वांसाठी खुली’ एवढे म्हणून भागत नाही. जात विचारली जाणार नाही, दिंडीचा क्रमांक विचारला जाणार नाही, एकटी बाई आली तरी जागा मिळेल, असे उघड म्हणावे.

आणि काय होणार नाही, तेही. रस्त्याकडेच्या धर्मशाळेचे काही वर्षांत मंगल कार्यालय होते. आधी गावातल्या एका गरीब घरच्या लग्नाला दालन दिले जाते, त्यात वाईट काही नसते. मग भाडे येऊ लागते, वीजबिल भागते, मग एखाद्या ठेकेदाराला वर्षभरासाठी चालवायला दिले जाते. आषाढात कोणाला जाणवत नाही, कारण देवशयनीनंतर लग्नाचे मुहूर्त नसतात आणि दालन रिकामेच असते. माघात लग्नसराई असते. माघीची दिंडी दाराशी येते आणि आत मांडव असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०चा आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायलाही लागते. पण अकरा-अकरा महिन्यांचे करार पुन्हापुन्हा केले तर या कलमाचा धाक उरत नाही. तिथे धाक राहतो तो चारशे माणसांसमोर उच्चारलेल्या शब्दाचाच.

हे सारे मनात ठेवून चिटणिसांचे भाषण साधारण असे होईल:

“राम कृष्ण हरी. मंडपातल्या सगळ्या माउलींना दंडवत. ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत ती बारा गुंठे जागा गेल्या महिन्यात नोंदणीकृत बक्षीसपत्राने न्यासाच्या नावावर झाली. उत्तरेला पालखीचा रस्ता, पूर्वेला ओढा, पश्चिमेला पाणंद, दक्षिणेला आबांचे शेत. ही जमीन आबा, त्यांचे धाकटे बंधू अण्णा आणि दोघी बहिणी, थोरल्या अक्का आणि धाकट्या ताई, अशा चौघांनी दिली. चौघे इथे आहेत. त्यांनी या जागेचा एक पैसा घेतला नाही. अक्का, ताई, तुमच्या सहीशिवाय हे झाले नसते, म्हणून गावाच्या वतीने तुम्हाला वेगळा नमस्कार करतो.

“आबांनी जमीन देताना दोन गोष्टी मागितल्या. मागच्या शेताची पाणंद मोकळी राहावी आणि इमारतीला आपले नाव देऊ नये. पहिली आम्ही मान्य केली. दुसरीही केली, पण एका बदलासह. दाराजवळच्या दगडावर चौघांची नावे, जमिनीचे माप आणि ती कशासाठी दिली तो हेतू कोरला जाईल. आबा, हे तुमच्या कौतुकासाठी नाही. पन्नास वर्षांनी इथे जो विश्वस्त असेल त्याला ही जागा कोणी कशासाठी दिली हे कळावे म्हणून आहे.

“इथे पन्नास माणसे झोपतील असे दालन, स्वयंपाकघर, सहा न्हाणीघरे, सहा शौचालये आणि पाच हजार लिटरची टाकी होईल. बाकी अंगण मोकळे राहील आणि त्यावर पुढे बांधकाम होणार नाही, कारण आषाढात दिंड्यांना तेच लागते. पंढरीला पायी जाणाऱ्या आणि पायी परतणाऱ्या कोणालाही इथे फुकट मुक्काम मिळेल. जात, गाव, दिंडी विचारली जाणार नाही. चारही वाऱ्यांच्या काळात दालन दुसऱ्या कशालाही दिले जाणार नाही. इतर दिवशी गावातल्या मुलांना इथे अभ्यासाला बसता येईल.

“बांधकामाला अजून पैसे कमी आहेत. आज पाया आणि न्हाणीघरे एवढेच हाती घेतो आहोत. जमा-खर्च दर एकादशीला मंदिराच्या फळ्यावर लागेल. आता आबा, अण्णा, अक्का आणि ताई, चौघांनी मिळून पहिली कुदळ मारावी, ही विनंती.”

हे भाषण पाच मिनिटांच्या आत संपते. पुढारी, कीर्तनकार, सरपंच यांच्या बोलण्याआधी ते व्हावे, कारण ऊन चढले की मंडप पांगतो आणि ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला शेवटची रिकामी सतरंजी येते. कुदळही त्यांच्याच हाताने पडावी. बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या हाताला आधार देऊन जमिनीच्या मालकाला मागे उभे केलेले फोटो मी कितीतरी पाहिले आहेत, आणि दरवेळी वाईट वाटते.

त्या दगडाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख यादव राजा रामचंद्राच्या काळातला, १२७३ ते १२७७ या वर्षांतला. भक्तांनी देवळाला दिलेल्या देणग्यांची ती नोंद आहे. कोकणात आणि देशावर शिलाहार-यादव काळातले गद्धेगाळ सापडतात. त्यांवर वर चंद्रसूर्य आणि मध्ये दानाचा लेख असतो. दान मोडणाऱ्यासाठी खाली शिवी कोरलेली असते, तीही चित्रासकट. शाप कोरण्याचे दिवस गेले, पण दान मोडले जाईल ही भीती त्या लोकांना होती आणि ती खरी होती.

दान दिल्यावर ते उपयोगी पडते की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही असते, याचा दाखला पुन्हा नाशिकलाच मिळतो. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यातला लेख सांगतो की, गौतमीपुत्र सातकर्णीने डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना काखडी गावातले शेत दिले होते. काही वर्षांनी लक्षात आले की ते शेत कसले जात नाही आणि गावही ओस पडले आहे. तेव्हा राजाने आणि त्याच्या आईने त्याऐवजी नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तने राजकीय जमीन दिली आणि तसा लेख कोरवला. आधीचे दान फुकट गेले, हे त्यांनी लपवले नाही. आपल्या धर्मशाळेतही असे होऊ शकते. ओढ्याकडेची जमीन पावसाळ्यात पाणी धरते का, हे भूमिपूजनाआधी एक पावसाळा पाहूनच कळते. तो पाहिला नसेल तर जोते किती उंच घ्यायचे ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. पुराचे पाणी कुठवर आले होते हे त्यांना झाडावर हात ठेवून दाखवता येते.

भूमिपूजनानंतर चिटणिसांचे काम उरते ते कागदाचे. नव्या मालमत्तेचा बदल अहवाल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. सातबाऱ्यावर न्यासाचे नाव लागले का ते तलाठ्याकडे जाऊन पाहायचे असते. आणि मंडपात जे बोलले ते भाषण जसेच्या तसे विश्वस्तांच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात चिकटवून, वाचून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवायचे. त्याची एक प्रत आबांच्या घरी, एक माळशिरसला आणि एक पुण्याला पाठवावी.